टॅप नक्की कोणत्या बसला? वाय-बसमधला ऑफ-नॉमिनल ट्रान्सफॉर्मर

प्रश्न: आयईईई १४-बस सिस्टिमवर माझा न्यूटन-रॅफसन प्रोग्राम नीट कन्व्हर्ज होतो, बस ६ चं व्होल्टेज १.०७ बरोबर येतं, पण तिथल्या जनरेटरचे मेगाव्हार प्रकाशित उत्तराशी अजिबात जुळत नाहीत. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या केसेस मात्र जुळतात. टॅप रेशो वाय-बसमध्ये नक्की कुठे भागायचा, आणि एकाच डायगोनलला वर्ग का?

उत्तर:

टॅप ज्या बसच्या बाजूला आहे त्या बसच्या डायगोनलमध्ये `y/a²` मिळवायचं, दुसऱ्या बसच्या डायगोनलमध्ये साधं `y` मिळवायचं आणि दोन्ही ऑफ-डायगोनलमध्ये `-y/a`. १४-बसच्या डेटा फाइलमध्ये टॅप ओळीतल्या पहिल्या बसला, म्हणजे "फ्रॉम" बसला धरलेला असतो आणि इम्पीडन्स दुसऱ्या, "टू" बसच्या बाजूला. तुमची लक्षणं बघता या दोन डायगोनलची अदलाबदल झाली असावी असा माझा दाट संशय आहे. ते एका आकड्यावरून तपासता येतं, पण त्या आकड्याचा अर्थ कळायला आधी वर्ग कुठून आला ते बघू.

ट्रान्सफॉर्मरचे मनातल्या मनात दोन तुकडे करा. टॅपच्या बाजूला एक आदर्श ट्रान्सफॉर्मर, ज्याचा रेशो `a : 1`. त्याच्या पुढे सीरिजमध्ये लीकेज इम्पीडन्स, ज्याचं ॲडमिटन्स `y`. या दोघांच्या मधे एक काल्पनिक बिंदू येतो, त्याला `p` म्हणू. टॅपची बस `i`, दुसरी बस `j`. आदर्श तुकडा व्होल्टेजला `a` ने भागतो, म्हणून `p` ला `V_i/a` मिळतं. `p` कडून `j` कडे जाणारा करंट साहजिकच `y(V_p - V_j)`. आता आदर्श तुकड्यात पॉवर ना वाढते ना घटते. व्होल्टेज `a` पट कमी झालं असेल तर करंट तितकाच पट वाढायला हवा. उलट दिशेने बघितलं तर `i` बसवरचा करंट हा `p` मधल्या करंटला `a` ने भागून मिळतो. सगळं एकत्र मांडलं की:

```
I_i = (y/a²)·V_i - (y/a)·V_j
I_j = -(y/a)·V_i + y·V_j
```

वर्गाचं कारण इथे उघडं पडतं. `V_i` मुळे `i` बसवरच वाहणाऱ्या करंटचा हिशोब आदर्श तुकडा दोनदा ओलांडतो: जाताना व्होल्टेज म्हणून आणि परत येताना करंट म्हणून. दोन्ही वेळा `a` ने भागाकार. एका बाजूच्या व्होल्टेजमुळे दुसऱ्या बाजूला येणारा करंट तो तुकडा एकदाच ओलांडतो, म्हणून एकच `a`. आणि `j` बसचं स्वतःचं पद आदर्श तुकड्याच्या अलीकडेच राहतं, म्हणून तिथे `a` मुळीच नाही.

आता तुमच्याच केसमधला ५-६ ट्रान्सफॉर्मर घेऊ. त्याचा रिॲक्टन्स ०.२५२०२, रेझिस्टन्स शून्य, टॅप ०.९३२. `y` येतं -j३.९६७९. ओळीत बस ५ आधी आहे, म्हणजे टॅप बस ५ ला. मॅट्रिक्समध्ये जाणारे चार आकडे असे:

```
Y55 += -j4.5681     (3.9679 / 0.932²)
Y66 += -j3.9679
Y56 += +j4.2574     (3.9679 / 0.932)
Y65 += +j4.2574
```

हाच टॅप चुकून बस ६ ला लावला तर काय बदलेल? ऑफ-डायगोनल दोन्ही जसेच्या तसे, +j४.२५७४. फक्त ४.५६८१ आणि ३.९६७९ या दोघांनी जागा बदललेली. ही चूक इतका काळ लपून राहते ती यामुळेच. आपण वाय-बस तपासताना सहसा काय बघतो? मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे का, ऑफ-डायगोनल छापील आकड्यांशी जुळतात का. दोन्ही परीक्षा ही चूक पास होते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या केसमध्ये तर `a` ची किंमत १ च, त्यामुळे तिथे काही दिसायचा प्रश्नच नाही.

म्हणून डायगोनल बघा, आणि त्यातही बस ६ चं. ही बस तपासायला सोयीची आहे, कारण तिला ट्रान्सफॉर्मरव्यतिरिक्त फक्त तीन लाइन्स जोडलेल्या आहेत, ११, १२ आणि १३ कडे जाणाऱ्या. तिन्हींना चार्जिंग नाही आणि बसवर शंटही नाही. या तीन लाइन्सचं सस्सेप्टन्स अनुक्रमे ४.०९४१, ३.१७६० आणि ६.१०२८, बेरीज १३.३७२९. त्यात ट्रान्सफॉर्मरचे ३.९६७९ मिळवले की `Y66` चा काल्पनिक भाग -१७.३४ यायला हवा. तुमच्या मॅट्रिक्समध्ये -१७.९४ दिसला तर टॅप उलट्या बसला लागला आहे. आणि -१६.८२ दिसला, तर चूक वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आधी मेगाव्हारचं कोडं सोडवू. बस ६ ही पीव्ही बस आहे. तिचं व्होल्टेज १.०७ हे तुम्ही प्रोग्रामला दिलेलं आहे, प्रोग्रामने ते काढलेलं नाही. त्यामुळे ते "बरोबर येतं" याला पुरावा म्हणून काडीचीही किंमत नाही. टॅप चुकला तरी बस ६ चं व्होल्टेज हलणार नाही, ते धरून ठेवायची सगळी किंमत तिथल्या जनरेटरला व्हारमध्ये मोजावी लागेल. प्रकाशित उत्तरात बस ५ वर १.०१९५ पर-युनिट, बस ६ वर १.०७०, आणि दोघांमधला कोन सुमारे ५.४५ अंश. योग्य मॉडेलमध्ये बस ६ कडून ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी रिॲक्टिव्ह पॉवर अशी येते:

```
Q65 = V6²·3.9679 - V5·V6·4.2574·cos(5.45°)
    = 4.543 - 4.623
    = -0.080 pu
```

म्हणजे १०० एमव्हीए बेसवर ट्रान्सफॉर्मर बस ६ ला सुमारे ८ मेगाव्हार *देतो*. जनरेटरला स्वतः १२.७ मेगाव्हार भरावे लागतात. आता व्होल्टेज तशीच धरून पहिल्या पदात ३.९६७९ ऐवजी ४.५६८१ घाला. पहिलं पद ५.२३० होतं आणि `Q65` होतो +०.६०७. आठ मेगाव्हार देणारा ट्रान्सफॉर्मर आता साठ मेगाव्हार मागायला लागला! जनरेटरवर जवळपास ६९ मेगाव्हारचा जादा बोजा. प्रत्यक्ष लोड फ्लोमध्ये बस ५ चं व्होल्टेजही थोडं सरकेल, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल, पण चूक कोणत्या दिशेला आणि केवढी मोठी आहे ते या एका ओळीच्या हिशोबातून कळतं. या जनरेटरची कमाल मर्यादा २४ मेगाव्हार आहे. तुमच्या प्रोग्राममध्ये व्हारची मर्यादा तपासली जात असती, तर बस ६ पीव्हीची पीक्यू झाली असती आणि १.०७ वरून खाली घसरली असती. व्होल्टेज तसंच राहिलं यावरून ती तपासणी अजून घातलेली नाही, असं मला वाटतं. ४-७ आणि ४-९ या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीतही हीच चूक असणार. बस ९ वर जनरेटर नाही, त्यामुळे तिथे ती सरळ कमी व्होल्टेजच्या रूपात दिसेल. बस ९ आणि त्यामागे १०, १४ या बसचे आकडे प्रकाशित उत्तरापेक्षा खाली आहेत का, बघा.

टॅप ०.९३२ असताना व्होल्टेज वाढतं कसं, हे पाय-मॉडेलवरून छान दिसतं. वरचे चार आकडे एका सीरिज फांदीत आणि दोन शंटमध्ये मांडले तर:

```
सीरिज         : y/a           = -j4.2574
बस 5 चा शंट   : y(1-a)/a²     = -j0.3106
बस 6 चा शंट   : y(a-1)/a      = +j0.2895
```

बस ५ ला जणू रिॲक्टर जोडला आणि बस ६ ला कपॅसिटर. टॅपच्या बाजूने व्हार शोषायचे आणि दुसऱ्या बाजूला सोडायचे. टॅप एकपेक्षा मोठा झाला की दोघांची चिन्हं उलटतात. नवीन माणसं मला इथे हमखास विचारतात, की सर, ट्रान्सफॉर्मरमध्ये कपॅसिटर कुठून आला, आणि हे शंट बसच्या शंट कपॅसिटरच्या तक्त्यात दाखवायचे का. नाही. हे शंट म्हणजे `a` ला साध्या फांद्यांमध्ये बसवण्याची गणिती सोय आहे, कपॅसिटर बँक नव्हे. दोन्ही शंट आणि सीरिज फांदी मिळून एकच वस्तू आहे. त्यांचा सुटा अर्थ लावला, किंवा ब्रँच उघडताना शंट मॅट्रिक्समध्येच राहून गेले, तर गडबड झालीच. मी स्वतः प्रोग्राममध्ये पाय-मॉडेल वापरत नाही, सरळ चार आकडे मिळवतो. पाय-मॉडेल समजून घेण्यासाठी उत्तम आहे, चालवण्यासाठी चार आकडे.

आता -१६.८२ ची गोष्ट. काही पुस्तकी मांडणीत इम्पीडन्स टॅपच्या बाजूला धरतात आणि आदर्श तुकडा पलीकडे. हेही गणिताने चूक नाही, फक्त करार वेगळा. त्यात टॅपच्या बसला `y`, ऑफ-डायगोनलला `-a·y` आणि पलीकडच्या बसला `a²·y` येतं. आपल्या ट्रान्सफॉर्मरला ते आकडे ३.९६७९, ३.६९८१ आणि ३.४४६६ असे होतील, आणि `Y66` १६.८२. एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्या करारातला डेटा, अशी सरमिसळ झाली की हे घडतं. व्होल्टेज वाढण्याची दिशा बरोबर राहते, पण ट्रान्सफॉर्मरचा रिॲक्टन्स साधारण १५ टक्क्यांनी वाढलेला असतो. ही चूक पहिलीपेक्षा जास्त दगाबाज, कारण उत्तरं जवळपास बरोबर दिसतात.

या दोन्ही चुका एकदम पकडायला मी ज्या दोन चाचण्या करतो, त्या टेस्ट बेडवरच्या ट्रान्सफॉर्मरच्याच आहेत: ओपन-सर्किट आणि शॉर्ट-सर्किट. त्या फक्त कागदावर, दोन-बाय-दोन मॅट्रिक्सवर करायच्या.

ओपन-सर्किटमध्ये बस ६ उघडी सोडा, म्हणजे `I_6` शून्य, आणि बस ५ ला १ पर-युनिट द्या. दुसऱ्या ओळीवरून `V_6 = 4.2574/3.9679 = 1.073`, जे बरोबर `1/0.932` आहे. त्याच वेळी पहिल्या ओळीवरून बस ५ चा करंटही शून्य आला पाहिजे, कारण मॅग्नेटायझिंग फांदी आपण घेतलेलीच नाही. `4.5681 - 4.2574 × 1.073` करून बघा, शून्य येतं. पाय-मॉडेलमध्ये हाच हिशोब आणखी बोलका होतो. बस ६ चा काल्पनिक कपॅसिटर `0.2895 × 1.073²`, म्हणजे ०.३३३ पर-युनिट व्हार देतो. बस ५ चा रिॲक्टर त्यातले ०.३११ घेतो आणि उरलेले ०.०२२ सीरिज फांदीत जिरतात. बाहेरून एकही व्हार मागितला जात नाही. टॅप उलट्या बसला लागलेला असेल तर याच चाचणीत `V_6` ०.९३२ येतं आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

पण इम्पीडन्स चुकीच्या बाजूला असण्याची चूक ही चाचणी पकडत नाही. `0.932 / 0.932²` केलं तरी उत्तर १.०७३ च. म्हणून दुसरी चाचणी. बस ५ शॉर्ट करा, `V_5` शून्य, आणि बस ६ कडून आत बघा. दिसणारा रिॲक्टन्स म्हणजे `1/3.9679`, बरोबर ०.२५२०२. डेटामध्ये दिलेला आकडा जसाच्या तसा मिळाला पाहिजे. इम्पीडन्स चुकीच्या बाजूला असेल तर इथे ०.२९० दिसतो, टॅप उलटा असेल तर ०.२१९. नवा प्रोग्राम असो वा विकत घेतलेलं सॉफ्टवेअर, मी आधी दोन बसची केस करून या दोन चाचण्या घेतो. पाच मिनिटांत त्याचा करार कळतो. मॅन्युअल वाचून माझी एकदा फसगत झाली होती, कारण त्यातली आकृती आणि इनपुट फॉर्मचा क्रम यांत बाजू उलटसुलट होत्या.

कोड असा ठेवा. इथे `a` कॉम्प्लेक्स असला तरी चालेल:

```python
def stamp(Y, i, j, z, a):
    # i = टॅपची बस, z = j बाजूचा इम्पीडन्स
    a = a or 1.0
    y = 1 / z
    Y[i, i] += y / abs(a)**2
    Y[j, j] += y
    Y[i, j] -= y / a.conjugate()
    Y[j, i] -= y / a
```

`a or 1.0` ही ओळ विसरू नका. १४-बसच्या फाइलमध्ये लाइन्सच्या टॅपच्या रकान्यात शून्य असतं. त्याचा अर्थ "टॅप नाही" असा आहे, "रेशो शून्य" असा नाही. आणि डेटा वाचताना लहान नंबरची बस आधी यावी म्हणून कोणी ब्रँचच्या टोकांची अदलाबदल करत असेल, तर ते बंद करा. लाइनला दोन्ही टोकं सारखी. ट्रान्सफॉर्मरला नाहीत. उलट्या टॅपचं हे मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण आहे.

इथपर्यंत १४-बसचा प्रश्न सुटतो. पण पुढे तुम्ही खऱ्या सबस्टेशनचा डेटा घालायला जाल, तेव्हा `a` कोणी तयार करून देणार नाही, तो नेमप्लेटवरून काढावा लागेल. समजा १३२/३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे, ओएलटीसी एचव्हीला, १७ टॅप, प्रत्येक स्टेप १.२५ टक्के. टॅप १ ला १३८.६ केव्ही, टॅप ५ ला १३२, टॅप १७ ला ११२.२. कंट्रोल रूमच्या लॉगबुकात टॅप ९ लिहिला आहे. ५ पासून ९ पर्यंत चार स्टेप, म्हणजे ५ टक्के कमी, १२५.४ केव्ही. म्हणून `a = 125.4/132 = 0.95`. एचव्हीला १२८ केव्ही असताना नो-लोडला एलव्हीवर `128/125.4 × 33`, म्हणजे ३३.७ केव्ही मिळतील.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका अभ्यासात मोजलेलं ३३ केव्हीचं व्होल्टेज आणि आमच्या मॉडेलचं, यांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक येत होता. आम्ही दोन दिवस लोड बदलून बघितले, कपॅसिटर बँका बघितल्या, सीटी-पीटीवर संशय घेतला. शेवटी एका जुन्या ऑपरेटरने नेमप्लेटचा फोटो मागवायला सांगितला. आम्हाला मिळालेल्या तक्त्यात टॅप नंबर वाढला की एचव्ही व्होल्टेज वाढतं असं गृहीत धरलं होतं, नेमप्लेटवर ते उतरत जात होतं. वरच्या उदाहरणात तीच चूक केली तर टॅप ९ चे १३८.६ होतात आणि एलव्ही ३०.५ केव्ही. ३३.७ आणि ३०.५. तेव्हापासून टॅप नंबर मी डेटामध्ये कधीच घेत नाही. नेमप्लेटवरचे त्या टॅपचे केव्ही घेतो आणि रेशो स्वतः काढतो.

टॅप मधल्या जागी असला तरी रेशो ऑफ-नॉमिनल असू शकतो, हेही लक्षात असू द्या. ५०० मेगावॅटच्या युनिटचा जनरेटर ट्रान्सफॉर्मर २१/४२० केव्हीचा असतो, आणि अभ्यासात बेस मात्र २१ आणि ४०० केव्ही. मग टॅप नॉमिनल असतानाही एचव्हीच्या बाजूला `a` १.०५ आहे. तो १ ठेवला तर पाच टक्क्यांची चूक कोणाच्याही लक्षात न येता केसमध्ये बसते. एकच सूत्र वापरा, सगळी प्रकरणं त्यात येतात:

```
a = (kV_tap / kV_base_i) / (kV_rated_j / kV_base_j)
```

इम्पीडन्स टॅप नसलेल्या बाजूला धरण्याच्या कराराचा फायदाही नेमप्लेटपाशीच कळतो. टॅप बदलला की वेटोळे बदलतात आणि टक्के इम्पीडन्सही बदलतो. म्हणून मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर तो कमाल, नॉमिनल आणि किमान अशा तीन टॅपना दिलेला असतो. प्रत्येक टॅपचा टक्का त्या टॅपच्या व्होल्टेजवर काढलेला असतो. तो एलव्हीवर आणला की एचव्हीचं टॅप-व्होल्टेज हिशोबातून निघून जातं आणि एलव्हीच्या रेटेड व्होल्टेजवर तोच टक्का उरतो. म्हणजे त्या टॅपचा टक्के इम्पीडन्स घ्या, एमव्हीए बेस बदला आणि सरळ `z` मध्ये घाला, `a²` ची वेगळी दुरुस्ती नको. एलव्हीचं रेटेड व्होल्टेज बेसपेक्षा वेगळं असेल तेवढं मात्र त्याच्या वर्गाने दुरुस्त करायचं. तीन टॅपच्या मधल्या टॅपना मी सरळ रेषेने आकडा काढतो. लोड फ्लोसाठी तेवढं पुरतं. फॉल्ट लेव्हल काढताना टोकाच्या टॅपचा खरा आकडाच घ्यावा.

राहिला प्रश्न चालत्या लोड फ्लोमध्ये टॅप बदलण्याचा. वरच्या सूत्रात `Y_jj` मध्ये `a` नाही, त्यामुळे टॅप बदलला की चारपैकी तीनच आकडे बदलतात. नवा डायगोनल असा:

```
Y_ii += y·(1/a_new² - 1/a_old²)
```

आणि ऑफ-डायगोनल नव्याने `-y/a_new`, समांतर दुसरा ट्रान्सफॉर्मर असेल तर तिथेही फरकच मिळवायचा. जुना हिस्सा न काढता `stamp` पुन्हा बोलावला, तर एकाच जागी दोन ट्रान्सफॉर्मर उभे राहतात. याची खूण अशी की टॅप जसजसा हलतो तसतसा त्या ट्रान्सफॉर्मरमधला कोनाचा फरक लहान होत जातो आणि व्होल्टेज मात्र टॅपला पाहिजे तसं ऐकत नाही. अशी शंका आली की शेवटच्या टॅपवर वाय-बस पहिल्यापासून बांधा आणि चालत्या मॅट्रिक्समधून वजा करा. फरक शून्यच हवा.

टॅप कोणत्या दिशेला हलवायचा हेही बाजूवर ठरतं. नियंत्रित बस टॅपच्या पलीकडची, `j` असेल आणि तिचं व्होल्टेज कमी असेल, तर `a` कमी करायचा. नियंत्रित बस `i` च असेल तर उलट, `a` वाढवायचा. चिन्ह चुकलं तर टॅप पहिल्या काही इटरेशनमध्येच धावत जाऊन टोकाला चिकटतो, त्यामुळे ही चूक निदान लपत नाही. लपणारी अडचण हंटिंगची. स्टेप १.२५ टक्क्यांची आणि डेडबँड एकूण १ टक्क्याची ठेवली, तर एका टॅपला व्होल्टेज बँडच्या वर, दुसऱ्याला खाली, आणि प्रोग्राम या दोन टॅपमध्ये झोके घेत राहतो. डेडबँड एका स्टेपमुळे बदलणाऱ्या व्होल्टेजपेक्षा रुंद हवा, प्रत्यक्ष रिलेच्या सेटिंगलाही हाच नियम आहे. शिवाय मिसमॅच अजून मोठा असताना टॅप हलवू नका. मी ०.०१ पर-युनिटच्या खाली आल्यावरच हलवतो, एका वेळी एक स्टेप. आणि तुमच्या १४-बसमध्ये ५-६ च्या टॅपला बस ६ चं व्होल्टेज नियंत्रित करायला सांगू नका. ते आधीच जनरेटरने धरून ठेवलेलं आहे, टॅप कितीही फिरवला तरी फक्त व्हारची वाटणी बदलेल.

कोडमध्ये `a.conjugate()` कशासाठी, तेही सांगतो. साध्या टॅपला `a` खरी संख्या आहे, तिथे त्याने काहीच फरक पडत नाही. पण फेज-शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मरला `a` ला कोनही असतो. करंटच्या बाजूने `a` चा कॉन्ज्युगेट येतो, व्होल्टेजच्या बाजूने `a` च, आणि `Y_ij` व `Y_ji` वेगळे होतात. अशा ट्रान्सफॉर्मरचं पाय-मॉडेल काढताच येत नाही, कारण सीरिज फांदीला दोन्ही दिशांनी एकच ॲडमिटन्स लागतं. मेमरी वाचवायला तुम्ही वाय-बसचा फक्त वरचा त्रिकोण साठवत असाल, तर तो कोड फेज-शिफ्टर आल्यावर पहिल्या दिवशी चुकेल. दोन्ही त्रिकोण आत्ताच साठवायला लागा.